सहकाऱ्याच्या लांब रजेची शिफारस करायचीय, डायरेक्टरांना मेलमध्ये काय लिहू?

*"मी अंबडला ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीची टीम लीड आहे, माझ्यासकट सात जण. त्यातला एक ३४ वर्षांचा मुलगा मोठ्या बहिणीला किडनी देतोय, ऑपरेशन मुंबईला आहे. त्याने तीन महिने रजा मागितलीय, आधी स्वतःची रिकव्हरी आणि मग बहिणीची काळजी, तिला दुसरं कोणी नाही. सीएमएम या पार्ट मोजायच्या मशीनचे प्रोग्रॅम आणि पीपॅपची, म्हणजे नवीन पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं तोच बघतो. आमचे डायरेक्टर सर कडक आहेत, दोन वर्षांपूर्वी एकाची दोन महिन्यांची रजा त्यांनी सरळ नाकारली होती. एचआर म्हणतं तुम्ही शिफारशीचा मेल टाका, सर ठरवतील. त्याला रजा मिळावी असं मनापासून वाटतं, पण शिफारस केली आणि काम अडकलं तर बोल मलाच लागणार. मेल लिहिते आणि खोडते. सरांचं मन वळेल असं काय लिहू? आणि टीमला काय सांगू?" – एक वाचक, नाशिक*

ताई, तुम्ही मेल खोडताय कारण लिहायला बसताना डोक्यात "मन वळवायचंय" हे आहे, आणि मला वाटतं गाडी तिथेच अडतेय. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये एचआरला असताना असे मेल मी खूप वाचलेत. काही जण नुसतं "पुढील विचारार्थ सादर" लिहून अर्ज वर ढकलतात, काही जण दोन पानं भरून घरची परिस्थिती सांगतात, आणि दोन्ही मेल वाचून डायरेक्टर एकच प्रश्न विचारतात, की मग काम कोण करणार? कडक माणूस असो की मऊ, त्याला जे जाणून घ्यायचं असतं ते तेवढंच असतं. नक्की किती दिवस, त्यात पगारी किती आणि बिनपगारी किती, तोवर काम कसं चालणार, आणि उद्या दुसऱ्या कोणी मागितली तर याला हो आणि त्याला नाही का. याची उत्तरं मेलमध्ये नसली की सर "बघू" म्हणतात, आणि ते बघू महिनाभर चालतं.

बोल लागण्याची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण नीट बघा, बोल कधी लागतो, तर "मला हे आधी का सांगितलं नाही" असं सरांना म्हणता येतं तेव्हा. कुठे अडू शकतं आणि अडलं तर काय करणार हे तुम्ही स्वतःच लिहून दिलंत आणि सरांनी ते वाचून हो म्हटलं, तर तो निर्णय दोघांचा होतो. नुसता अर्ज फॉरवर्ड केलात तर काम अडल्यावर तुम्ही लीड म्हणून तरीही उत्तरदायी असणारच, फक्त तेव्हा तुमच्या हातात दाखवायला काही नसेल. त्यामुळे शिफारस टाळून तुम्ही सुरक्षित राहाल असं मला तरी दिसत नाही.

आता मेलच्या आधीचं काम. त्या मुलाला कॅन्टीनमध्ये नाही, मीटिंग रूममध्ये घेऊन बसा आणि हे तीन महिने कशाकशाचे बनलेत ते त्याच्याकडून समजून घ्या. हे संशय म्हणून नाही, "तीन महिने" हा आकडा बहुतेक वेळा घाबरून काढलेला असतो आणि खरी गरज वेगळ्याच आकाराची असते म्हणून. किडनी देणाऱ्याचं ऑपरेशन आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होतं, सगळं सुरळीत असेल तर तीन ते पाच दिवसांत तो घरी येतो, बसून करायच्या कामावर साधारण चार ते सहा आठवड्यांत परततो, वजन उचलायला मात्र सहा ते आठ आठवडे बंदी असते आणि सुरुवातीचे काही आठवडे गाडी चालवायची नसते. म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांत तो स्वतःच पेशंट आहे. बहिणीला उठवणं-बसवणं, तिला घेऊन कसारा घाटातून मुंबईला तपासणीला जाणं, हे तेव्हा त्याला जमणारच नाही. हे त्याला कोणी स्पष्ट सांगितलंय का ते विचारा, कारण कुटुंबात सगळं लक्ष बहिणीकडे असतं आणि देणाऱ्यालाही कोणीतरी पाणी आणून द्यावं लागतं हे राहून जातं. त्या काळात दोघांकडे कोण बघणार हे ठरलं नसेल तर ते आधी ठरू दे.

बहिणीची गोष्ट उलटी आहे. तिला ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात, नाहीतर शरीर नवी किडनी नाकारतं, आणि त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. औषधाचं रक्तातलं प्रमाण सारखं तपासून डोस बदलावा लागतो, सुरुवातीला तर आठवड्यातून एकदोनदा हॉस्पिटल. म्हणजे तिला माणूस पूर्ण तीन महिने लागणार, पण तो माणूस हा मुलगा होऊ शकतो तो पहिले सहा आठवडे झाल्यावरच. एवढं बोलून झालं की तुमच्या हातात एका अखंड तीन महिन्यांच्या ऐवजी दोन तुकडे येतात, पहिले सहा आठवडे त्याची स्वतःची रिकव्हरी आणि पुढचे सहा आठवडे बहिणीची काळजी. पहिल्या तुकड्यात घासाघीस करायला जागाच नाही. दुसऱ्यात आहे, त्याच्यासाठी रजेच्या पाचव्या आठवड्यात आढावा घेता येतो, शेवटचे दोन आठवडे घरून पीपॅपची कागदपत्रं बघणं जमेल का असंही त्याला विचारता येतं. पण हे त्याने मोकळेपणाने हो म्हटलं तरच मेलमध्ये घाला, तुमच्या मनाने नको.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी एक चांगला आधार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला, त्यात अवयवदान करणाऱ्याला जास्तीत जास्त ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिलीय, ऑपरेशन कोणत्याही पद्धतीचं असो, मोजायला सुरुवात हॉस्पिटलात दाखल झाल्यापासून, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर आठवडाभर आधीपासूनही. तुमच्या कंपनीला हा आदेश लागू नाही आणि मेलमध्ये तो लागू असल्यासारखा लिहायचा नाही, नाहीतर एचआर पहिल्याच ओळीत तुम्हाला पकडेल. पण ४२ दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे, आणि हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही एवढं त्याने सरांना दिसतं. एका ओळीत उल्लेख पुरे.

तारखेचं मात्र जपून. माझ्या बघण्यात अशा मेलमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, लीड एक तारीख पक्की लिहून मोकळा होतो, ऑपरेशन पुढे जातं, आणि मग सर म्हणतात "दर वेळी नवीनच ऐकतोय". प्रत्यारोपणाची तारीख हलते. दोघांचं रक्त जुळतं का ते सांगणारे क्रॉसमॅचचे रिपोर्ट, दात्याच्या तपासण्या, नात्याचे पुरावे आणि हॉस्पिटलची कायदेशीर मंजुरी हे सगळं लागतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात सख्खी बहीण-भाऊ जवळचे नातेवाईक धरलेत म्हणून त्याचा मार्ग त्यातल्या त्यात सोपा आहे, पण कागद तरी पुरे करावेच लागतात. शिवाय आदल्या दिवशी बहिणीला ताप आला तरी ऑपरेशन पुढे ढकलतात. म्हणून तारखेच्या जागी कालखंड लिहा, अमुक ते अमुक आठवड्यांच्या दरम्यान, हॉस्पिटलने तारीख दिली की लगेच कळवू, आणि रजा तो हॉस्पिटलात दाखल होण्याच्या दिवसापासून सुरू धरावी. तपासणीत तो अपात्र ठरला तर रजा आपोआप रद्द, हेही लिहा. ही अपात्रतेची ओळ लिहायला जीवावर येईल, पण तीच ओळ सरांना सांगते की तुम्ही सगळ्या बाजूंनी विचार केलाय.

आणि याच्याशीच जोडलेली एक गोष्ट, जिच्याबद्दल मला खूप वाटतं. दाता ऑपरेशन टेबलवर जाईपर्यंत कधीही नाही म्हणू शकतो, तो त्याचा हक्क आहे. अख्ख्या कंपनीला आधीच कळलं, कोणी हार घालून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तर त्याला मागे फिरायची वाटच राहत नाही. म्हणून मेल फक्त सरांना आणि एचआरमधल्या संबंधित एका माणसाला, बाकी कोणाला सीसी नाही. विषयाच्या ओळीत किडनी हा शब्द नको, तो सरांच्या मोबाइलवर वर चमकतो आणि शेजारी कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. त्याचे किंवा बहिणीचे रिपोर्ट जोडायचे नाहीत, बहिणीचे तर अजिबात नाहीत, ती तुमच्या कंपनीत नोकरीला नाही. जोडायला एकच कागद पुरतो. प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर असतो, तो असावा असं कायद्यातच आहे, त्याच्याकडून किंवा डॉक्टरकडून पत्र घ्यायला सांगा की याची दाता म्हणून तपासणी चालू आहे, अंदाजे कालखंड हा, विश्रांती इतकी लागेल. आणि मेल पाठवायच्या आधी तो त्या मुलाला वाचायला द्या. त्याने एखादी ओळ काढा म्हटलं तर का म्हणून न विचारता काढा.

आता काम. "टीम सांभाळून घेईल" हे वाक्य लिहू नका, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याचं काम सुटं करून बघा. सीएमएम चालवणं हे एक काम आहे आणि प्रोग्रॅम बनवणं हे वेगळं. चालवणारे तुमच्याकडे बहुतेक आणखी एकदोघं असतील, प्रोग्रॅम बनवणारा तो एकटा. तर येत्या तीन महिन्यांत नवीन पार्ट किती येणारेत ते डेव्हलपमेंटवाल्यांकडून लिहून घ्या. समजा पाच आहेत. दोनांची ड्रॉइंग आज हातात आहेत, ते तो जायच्या आधी करून ठेवू शकतो. तिघांचं काम बाहेरच्या मेट्रोलॉजी लॅबकडून करून घ्यायचं, आणि त्याचं कोटेशन मेलच्या आधी मागवायचं, नंतर नाही. पीपॅपचं फोल्डर भरायचं काम ज्युनियर करेल, तपासून सही तुम्ही. कस्टमर ऑडिट मध्ये येत असेल तर त्याला सामोरं कोण जाणार त्याचं नाव लिहा, आणि ते नाव तुमचं असेल तर बरं.

हँडओव्हर झाला असं सगळेच म्हणतात, तो खरंच झालाय का हे कळायची एक सोपी पद्धत सांगतो. तो अजून कामावर असतानाच दोन दिवस त्याला सीएमएमला आणि फोल्डरला हात लावू देऊ नका, समोर बसू दे पण उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याने त्याचाच जुना प्रोग्रॅम लावून आधी मोजलेला एखादा पार्ट परत मोजायचा आणि जुन्या रिपोर्टशी आकडे ताडून बघायचे. आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर बहुतेक कारण असं निघतं की फिक्स्चरवर पार्ट बसवायची त्याची एक सवय आहे जी कुठेच लिहिलेली नाही, किंवा अलाइनमेंट कोणत्या डेटमवरून घ्यायची ते फक्त त्याच्या डोक्यात आहे, किंवा ताजी फाइल सर्व्हरवर नसून त्याच्या लॉगिनखाली पडलीय. या दोन दिवसांत जे जे अडलं त्याची यादी हाच तुमचा खरा हँडओव्हर. मेलमध्ये "ही चाचणी घेतली, तीन गोष्टी अडल्या, तिन्ही दुरुस्त केल्या" एवढं लिहिता आलं तर त्याच्याइतकं वजनदार वाक्य दुसरं नाही, म्हणून जमलं तर मेल चाचणीनंतर टाका.

फोनवर विचारून घेऊ हा पर्याय योजनेत धरायचाच नाही. पहिले तीन आठवडे एकही फोन नाही असं लिहूनच टाका, वेदनाशामक घेऊन पडलेल्या माणसाने सांगितलेल्या ऑफसेटवर पार्ट पास करणं कोणाच्याच हिताचं नाही.

पैशाचा हिशोब एचआरकडे बसून करा आणि उत्तर लेखी घ्या. बारा आठवडे, आठवड्याला सहा दिवस धरले तर कामाचे ७२ दिवस होतात. समजा त्याची शिल्लक सगळी मिळून ४० आहे. सगळी संपवायची नाही, देणाऱ्यालाही पुढे तपासणीला जावं लागतं आणि ती वर्षानुवर्षं चालते, म्हणून चार दिवस बाजूला ठेवा. उरले ३६ पगारी, म्हणजे बरोबर पहिले सहा आठवडे, आणि पुढचे ३६ बिनपगारी. तुमच्याकडची शिल्लक वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच. एचआरला तीन गोष्टी विचारा. मधल्या साप्ताहिक सुट्ट्या रजेत धरणार का, बऱ्याच कंपन्यांत सँडविचचा नियम असतो आणि त्याने ३६ चे ४२ होतात. ग्रुप मेडिक्लेम बिनपगारी महिन्यांत चालू राहणार ना, आणि त्याच्या पगारातून प्रीमियमचा हिस्सा कापत असतील तर त्या महिन्यात तो कसा भरायचा. आणि पीएफच्या रिटर्नमध्ये हे दिवस मंजूर बिनपगारी रजा म्हणूनच दाखवणार ना. त्या काळात पगार नाही म्हणून पीएफ जमा होणार नाही हे मुलाला आधी सांगा. ग्रॅच्युइटीसाठी मात्र मंजूर रजेने सेवा तुटत नाही, म्हणूनच तोंडी परवानगीवर त्याला जाऊ देऊ नका, पुढे कधी वाद झाला तर रजा आणि गैरहजेरी यातला फरक त्या एका मेलवर ठरतो.

खर्चही लिहा पण हळू आवाजात. त्याचा पगार समजा ५२ हजार असेल तर बिनपगारी सहा आठवड्यांचे साधारण ७२ हजार वाचतात, लॅबचं कोटेशन त्याच्या आत बसत असेल तर एका ओळीत सांगा. आणि जो दुसरा ऑपरेटर जास्तीचं काम उचलणार आहे त्याला त्या तीन महिन्यांसाठी काहीतरी भत्ता किंवा बदली सुट्टी मागा, याच मेलमध्ये मागा, कारण नंतर मागितलं की ते वेगळं प्रकरण होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या नकाराबद्दल. त्याचं नाव मेलमध्ये काढू नका, पण तो सरांच्या मनात येणार हे धरून चला. सरांना भीती दुसऱ्या अर्जांची असते, त्यांना पुढे वापरता येईल असा निकष तुम्ही हातात द्या. हॉस्पिटलच्या कागदाचा आधार, ठरलेली मर्यादा, मधला आढावा, आणि हँडओव्हरची चाचणी. या चार गोष्टी घेऊन उद्या कोणी आलं तर त्याचाही विचार व्हावा, असं मला वाटतं, आणि तुम्हालाही वाटत असेल तर तसं लिहा.

खाली एक मसुदा देतोय, तुमच्याकडे मेल इंग्रजीत जात असतील तर वाक्यं बदला, क्रम ठेवा. आकडे सगळे समजा म्हणून घेतलेत.

*विषय: क्वालिटी विभाग, १२ आठवड्यांच्या रजेची शिफारस, गोपनीय*

*आदरणीय सर,*

*माझ्या टीममधले सीनियर इंजिनिअर (नाव) यांची १२ आठवड्यांची रजा मंजूर करावी अशी माझी शिफारस आहे. पहिले ६ आठवडे शिल्लक पगारी रजेतून, पुढचे ६ आठवडे बिनपगारी. शिल्लक एचआरकडून तपासून घेतली आहे.*

*ते त्यांच्या सख्ख्या बहिणीला किडनी देत आहेत. ही माहिती त्यांच्या संमतीने फक्त आपल्याला आणि एचआरला देत आहे, कृपया पुढे जाऊ नये. पहिले ६ आठवडे त्यांच्या स्वतःच्या विश्रांतीसाठी लागतील, हॉस्पिटलचं पत्र जोडलं आहे. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना याच कारणासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देतं, ते आपल्याला लागू नाही, केवळ संदर्भासाठी लिहिलं. पुढचे ६ आठवडे बहिणीच्या तपासण्या आणि देखभालीसाठी आहेत. पाचव्या आठवड्यात त्यांच्याशी बोलून मी आपल्याला आढावा देईन, तेव्हा दुसरा भाग कमी होऊ शकत असेल तर तसं कळवेन.*

*ऑपरेशन (महिना)चा दुसरा ते चौथा आठवडा या दरम्यान अपेक्षित आहे. हॉस्पिटल तारीख पुढे ढकलू शकतं, म्हणून रजा ते हॉस्पिटलात दाखल होण्याच्या दिवसापासून धरावी. तपासणीत ते अपात्र ठरल्यास ही रजा रद्द समजावी.*

*कामाची व्यवस्था: रोजचं सीएमएम दोन ऑपरेटर बघतील. नवीन पाच पार्टपैकी दोनांचे प्रोग्रॅम ते जाण्यापूर्वी पूर्ण करतील, तिघांसाठी बाहेरच्या लॅबचं ४५ हजारांचं कोटेशन जोडलं आहे, बिनपगारी काळात वाचणारी रक्कम त्यापेक्षा जास्त आहे. पीपॅप आणि आठव्या आठवड्यातलं कस्टमर ऑडिट माझी जबाबदारी. त्यांच्याशिवाय दोन दिवस काम चालवून बघितलं, तीन ठिकाणी अडलं, तिन्ही दुरुस्त केलं. जास्तीचं काम करणाऱ्या ऑपरेटरला या काळापुरता भत्ता मिळावा ही विनंती.*

*जोखीम एक आहे. मध्येच ड्रॉइंगमध्ये बदल आला तर प्रोग्रॅम बदलायला आपल्याला अर्ध्या दिवसाऐवजी दोन-तीन दिवस लागतील. असं झाल्यास मी त्याच दिवशी आपल्याला आणि मार्केटिंगला कळवेन.*

*हॉस्पिटलला तारखेसाठी त्यांचं उत्तर द्यायचं आहे, म्हणून (तारीख)पर्यंत आपला निर्णय मिळावा.*

बघा, यात त्याच्या स्वभावाचं कौतुक कुठेच नाहीये. मुद्दाम ठेवलं नाही. तो चांगला मुलगा आहे म्हणून रजा द्या असं लिहिलं की जो चांगला बोलत नाही, गप्प राहतो, त्याच्या बहिणीची किडनी कमी महत्त्वाची होते. अगदीच लिहावंसं वाटलं तर त्याच्या कामातली एखादी खरी गोष्ट एका ओळीत लिहा, विशेषणं नको. जोखमीचा परिच्छेद मात्र कोणी काढायला सांगितला तरी काढू नका, तुम्हाला ज्या बोलाची भीती वाटते त्याचं उत्तर तिथेच आहे.

मेल टाकायच्या दिवशी सकाळी सरांना दहा मिनिटं भेटून तोंडी सांगा आणि तासाभरात मेल पाठवा, म्हणजे स्क्रीनवर अचानक वाचून त्यांचा पहिला शब्द "नाही" असा निघणार नाही. भेटीत ते "दीड महिना घेऊ दे, बाकीचं बघू" म्हणाले तर नाराज होऊ नका, पहिला तुकडा लेखी मंजूर करून घ्या आणि दुसऱ्याच्या निर्णयाची तारीख मागा, पाचव्या आठवड्याची. सरळ नाही म्हणाले तर नेमकं कोणत्या मुद्द्यावर नाही ते विचारा. कामावर असेल तर तुमच्याकडे उत्तर आहे, तत्त्वावर असेल तर एचआरला सोबत घेऊन परत बसा, आणि तोवर त्या मुलाला खोटी आशा देऊ नका, बहिणीला त्याला काहीतरी खरं सांगायचंय. तोंडी हो मिळालं तरी मेलवर "मंजूर" असा रिप्लाय येईपर्यंत ते हो धरायचं नाही, दोन दिवसांनी त्याच मेलवर नम्रपणे आठवण करा.

टीमला तोच सांगेल किंवा त्याने ठरवून दिलंय तेवढं तुम्ही सांगा, "घरच्या वैद्यकीय कारणासाठी तो काही आठवडे नाहीये, काम असं असं वाटलंय" इतकं पुरतं. कोणी खोदून विचारलं तर "त्यालाच विचारा, पण आत्ता नको" म्हणा. मुंबईला भेटायला जाऊ असं टीम म्हणेल, प्रेमानेच म्हणेल, पण बहिणीला गर्दी चालणार नाही, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कोणी जायचं नाही हे आधीच सांगून ठेवा. परत येताना त्याच्याकडून फिटनेस सर्टिफिकेट घ्या, त्यात वजन उचलण्याबद्दल काही अट असेल तर ती स्टोअर आणि शिफ्ट इंचार्जला लेखी द्या, आणि ती अट संपेपर्यंत फिक्स्चर उचलायला दुसरा माणूस नेमून ठेवा.